पावती जूनची, महिना कुठला?

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स रजिस्टरमध्ये एक ओळ अशी आहे: "१८ जून २०२२, पाटील, ३-२, मेंटेनन्स, रु. ३,०००." अक्षर स्वच्छ आहे, पुढे पावती क्रमांक आहे, पानाच्या तळाशी बेरीज जुळते. पैसे कधी आले, किती आले आणि कोणी दिले हे सगळं त्यात आहे. फक्त हे पैसे कोणकोणत्या महिन्यांचे, एवढंच त्या ओळीत नाही. फ्लॅट नंबर, महिना आणि भरलेली रक्कम असा सभासदनिहाय तक्ता करायला बसलं की सगळी अडचण याच एका रकान्यात येऊन उभी राहते.

जळगावातली आमची इमारत छोटी. चार मजले, सोळा फ्लॅट. खजिनदारकी वर्षानुवर्षं आप्पांकडे होती आणि त्यांनी रजिस्टर रोजकीर्दीसारखं ठेवलं, म्हणजे ज्या दिवशी जो पैसा हातात आला तो त्या दिवशी लिहिला. रोख किती, बँकेत किती, खर्च किती, हे त्यातून कधीही सांगता येतं आणि आप्पांच्या एकाही पानाची बेरीज चुकलेली मला सापडली नाही. पण सर्वसाधारण सभेत कोणाकडे किती थकलंय असा प्रश्न निघाला, तेव्हा उत्तर देता येईना. एकेका फ्लॅटच्या नोंदी पानोपानी विखुरलेल्या होत्या. रोजकीर्द होती, पण तिची खतावणी कधी झालीच नव्हती. सचिव म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

हे काम हाती घेताना मला एकाच गोष्टीचा धाक होता. तक्ता भिंतीवर लागला की त्यातला रिकामा चौकोन लोक "थकबाकी" म्हणून वाचतात. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभा थकबाकीवर कमाल २१ टक्के सरळ व्याज ठरवू शकते, आणि गोष्ट ताणली तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मागता येतो. त्या अर्जाला खातेउतारा जोडावा लागतो, आणि तो उतारा अशाच तक्त्यातून निघतो. म्हणजे मी एखाद्या चौकोनात चुकीचा महिना टाकला तर एखाद्या सरळमार्गी माणसावर व्याज चढू शकतं. म्हणून मी ठरवलं की तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे पावतीचा नंबर असलाच पाहिजे. कोणी बोट ठेवून विचारलं, "हे सहाशे कुठून आले?" तर मला पावतीपुस्तकातली स्थळप्रत उघडून दाखवता आली पाहिजे.

बहुतेक जण अशा कामाला बसले की पहिल्यांदा कागदावर आडवे बारा महिने आणि उभे फ्लॅट आखतात, आणि रजिस्टरमधून एकेक रक्कम उचलून चौकोनात टाकत जातात. बघायला हा तक्ता छान दिसतो, पण भरायला तो चुकीचा आहे. तीन हजारांची पावती सहा चौकोनांत विभागली की पावतीचा मागच पुसला जातो. नंतर एक चौकोन बदलावा लागला तर उरलेल्या पाचांचं काय करायचं, हे कळायला मार्ग राहत नाही. मी त्याऐवजी गूगल शीट्समध्ये दोन शीट केल्या. पहिलीचं नाव `Receipts`. तिच्यात एका पावतीला एक ओळ: पावती क्रमांक, तारीख, रक्कम, रोख की चेक की यूपीआय, आणि आप्पांनी लिहिलेला शेरा जसाच्या तसा. दुसरीचं नाव `Split`. तिच्यात पावती क्रमांक, फ्लॅट, महिना, रक्कम एवढे चारच रकाने, आणि एका पावतीतला एकेक महिना वेगळ्या ओळीत. आडवे महिने आणि उभे फ्लॅट असा सुबक तक्ता शेवटी पिव्हट टेबलने आपोआप निघतो. तो हाताने भरायचाच नाही.

पहिली शीट भरताना डोकं चालवायचं नाही, फक्त उतरवायचं. हे सांगायला सोपं, पाळायला अवघड आहे. नोंद वाचतानाच मनात अर्थ लागत जातो आणि हात तो अर्थ लिहू लागतो. शेरा "जु. ते ऑ." असेल तर तेच लिहायचं, "जुलै ते ऑक्टोबर" नाही, कारण तो कदाचित जून ते ऑगस्ट असेल. अर्थ लावायचं काम दुसऱ्या शीटमध्ये. "मागील पानावरून" आणि "पुढे नेली" या ओळी मात्र पावत्या नाहीत, त्या उतरवायच्या नाहीत. घाईत त्यातली एक जरी आत शिरली तरी अख्ख्या पानाची रक्कम दुसऱ्यांदा जमा होते. एकूण बेरीज रजिस्टरच्या बेरजेपेक्षा मोठी आली आणि फरक नेमका एखाद्या पानाच्या बेरजेइतका असला, तर हेच झालेलं असतं.

पावती क्रमांकाचीही एक गोम आहे. प्रत्येक पावतीपुस्तक १ पासून १०० पर्यंत असतं, म्हणजे बारा नंबरची पावती प्रत्येक पुस्तकात आहे. नुसता "१२" लिहून चालत नाही, पुस्तकाचा क्रमांकही लागतो. आणि तो `4/12` असा लिहिला तर शीट त्याला तारीख समजतं. फ्लॅटचंही तेच. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा दुसरा फ्लॅट "३-२" असा लिहिण्याची पद्धत. तसं टाइप केलं की तिथे तीन फेब्रुवारी उमटते. म्हणून पावत्यांना `P4-12` असं अक्षर लावून लिहिलं आणि फ्लॅट सरळ `302` केला. शिवाय फ्लॅटच्या रकान्याला सोळा नंबरांची यादी जोडली, म्हणजे निवडायचं, टाइप करायचं नाही. नाहीतर `302` आणि `३०२` हे पिव्हटमध्ये दोन वेगळे फ्लॅट म्हणून उभे राहतात, आणि एकाच माणसाचा भरणा दोन ओळींत वाटला जातो. यादीबाहेरचं काही शिरलंय का ते पाहायला एक छोटं सूत्र पुरतं:

```
=COUNTUNIQUE(Split!B2:B)
```

उत्तर सोळा आलं पाहिजे. सतरा आलं तर सतरावा कोण, ते शोधायचं. आमच्या शीटमध्ये मी सतरावा मुद्दाम ठेवला आहे, तो का ते पुढे सांगते.

महिना लिहितानाही नुसतं "जून" लिहू नये. जून दरवर्षी येतो. प्रत्येक महिन्याची पहिली तारीख टाकायची, `2022-06-01`, आणि दिसताना ती "जून २०२२" दिसेल असं फॉरमॅट लावायचं. त्यामुळे महिने कालक्रमाने लागतात, अकारविल्हे लागत नाहीत.

आता ती ३-२ ची ओळ. आमचा दर मार्च २०२२ पर्यंत महिना पाचशे होता, एप्रिल २०२२ पासून सहाशे झाला. या फ्लॅटचे आधीचे पैसे डिसेंबर २०२१ पर्यंत व्यवस्थित पोचलेले होते. जूनमध्ये तीन हजार आले आणि शेरा फक्त "मेंटेनन्स". हे पैसे कोणत्या महिन्यांना लावायचे?

हा प्रश्न आमच्या सोसायटीपुरता नाही, फार जुना आहे, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये त्यासाठी ५९, ६० आणि ६१ अशी तीन कलमं लागोपाठ आहेत. देणाऱ्याने पैसे देताना हे अमुक देण्याचे म्हणून सांगितलं, किंवा परिस्थितीवरून ते स्पष्ट होत असलं, आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर त्याच देण्याला ते लावायचे. देणाऱ्याने काहीच सांगितलं नाही आणि तसं काही दिसतही नसलं, तर घेणारा त्याच्या समजुतीने कोणत्याही कायदेशीर देण्याला लावू शकतो. आणि दोघांनीही काही ठरवलं नाही, तर सगळ्यात जुन्या देण्यापासून क्रमाने लावत यायचं. मेंटेनन्सच्या रजिस्टरला हे तिन्ही नियम जसेच्या तसे लागतात. पावतीवर महिना लिहिलेला असेल तर तो महिना पक्का. नसेल तर जुन्यापासून पुढे. मधल्या नियमाचा आधार घेऊन आज आपल्या सोयीने जुन्या पावत्या इकडेतिकडे लावायच्या नाहीत, असं मी समितीत आधीच मांडलं आणि ते सगळ्यांना पटलं. सोळाही घरांना एकच नियम लागला पाहिजे.

त्या नियमाने तीन हजार असे वाटले जातात:

```
P4-12, 302, 2022-01-01, 500
P4-12, 302, 2022-02-01, 500
P4-12, 302, 2022-03-01, 500
P4-12, 302, 2022-04-01, 600
P4-12, 302, 2022-05-01, 600
P4-12, 302, 2022-06-01, 300
```

जानेवारी ते मार्च जुन्या दराने दीड हजार. उरले दीड हजार, त्यात एप्रिल आणि मे नव्या दराने बाराशे. जूनला उरतात तीनशे. म्हणजे या फ्लॅटचा जून अर्धाच भरला गेला.

मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, मी तर जूनपावेतो धरले होते. सहा महिने, पाचशेप्रमाणे तीन हजार." तेव्हा कोडं उलगडलं. दर बदलून दोन महिने उलटले होते, पण हाताला जुन्या दराची सवय होती. तीन महिन्यांचे शंभर-शंभर असे तीनशे तिथे सुटले. आणि पुढच्या पावतीवर, ५ नोव्हेंबरला, चोवीसशे रुपये आणि स्पष्ट शेरा: "जुलै ते ऑक्टोबर". देणाऱ्याने महिने सांगितलेले असल्याने ते चार महिन्यांनाच जायला हवेत, त्यातले तीनशे काढून जून पूर्ण करता येत नाही. त्यामुळे जून २०२२ पुढे कायमचा अर्धा राहिला आणि त्यानंतरचा प्रत्येक महिना पूर्ण भरलेला दिसतो. ज्या तक्त्यात सगळं काही भरलेलं आणि मध्येच एक महिना अपुरा असतो, तिथे बहुतेक वेळा दर बदललेला असतो. माणूस पैसे द्यायचा राहिलेला नसतो. दरवाढीच्या पुढचे दोन-तीन महिने सगळ्याच फ्लॅटचे तपासावे, हे मला इथून कळलं, आणि आणखी काही घरांत तेच निघालं.

पाटील भाऊंना मी हे दाखवायला गेले तेव्हा ते लगेच म्हणाले, "मन्हाकडे पावती शे ना ताई." आतून पावती काढून आणली. मूळ पावतीवर आप्पांच्याच अक्षरात कोपऱ्यात लिहिलेलं होतं, "जून अखेर". स्थळप्रतीवर ते नव्हतं. कार्बन काढून पावती फाडल्यावर वरून लिहिलेलं असणार. त्या एका शेऱ्याने बराच फरक पडतो. सोसायटीने स्वतः "जून अखेर" लिहून दिलेलं असताना त्या तीनशेवर व्याजाची भाषा करणं योग्य नव्हतं, आणि समितीनेही ती केली नाही. पण तक्त्यातला आकडा त्याने बदलत नाही. तीन हजारांत सहा महिन्यांचे तेहतीसशे बसत नाहीत, हे खरंच आहे. तक्ता किती भरले ते सांगतो. किती देणं होतं आणि त्यात सूट कोणाला द्यायची, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळ्या कागदावर, ठरावाने सुटला पाहिजे. भाऊंनी पुढच्या मेंटेनन्सबरोबर तीनशे भरले. पावती नव्या पुस्तकातली, तारीख २०२४ मधली, आणि `Split` मध्ये महिना जून २०२२. तारीख आणि महिना हे दोन रकाने वेगळे का ठेवायचे, हे कोणाला समजावून सांगायचं असलं की मी आता तीच ओळ दाखवते.

आमच्या भागात महिन्याचा प्रश्न आणखी एका वळणाने येतो. १-४ चं कुटुंब रावेरकडचं, केळीचं. घर बहुतेक बंद असतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे आले की वर्षाचे पैसे एकदम देऊन जातात. आप्पांचा शेरा दरवर्षी तोच: "आखाजीपावेतो चुकते." २०२२ मध्ये मेअखेरपर्यंतचे पैसे चुकते झाले होते. पुढे २०२३ च्या पावतीवर ६,६०० आणि २०२४ च्या पावतीवर ७,८०० रुपये. सहाशेच्या दराने बारा महिन्यांचे ७,२०० होतात. पहिल्या नजरेला एका वर्षी सहाशे कमी आणि पुढच्या वर्षी सहाशे जास्त, म्हणजे मागची बाकी पुढे फेडली, असं वाटतं. मग २०२३ च्या मे महिन्यासमोर थकबाकी दाखवायची का?

कॅलेंडर काढून पाहिलं तर थकबाकी नव्हतीच. अक्षय्य तृतीया २०२२ ला ३ मे रोजी होती, २०२३ ला २२ एप्रिलला आणि २०२४ ला १० मे रोजी. तिथीचं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असल्याने सण आधी सरकतो, आणि २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पुढच्या वर्षी तो पुन्हा मेमध्ये गेला. त्या त्या वर्षी ज्या महिन्यात आखाजी, त्या महिन्यापर्यंतचे पैसे आप्पांनी घेतले. जून २०२२ ते एप्रिल २०२३ असे अकरा महिने, सहाशेप्रमाणे ६,६००. मे २०२३ ते मे २०२४ असे तेरा महिने, ७,८००. दोन्ही पावत्या रुपयाशी रुपया जुळल्या. मी जर "आखाजी म्हणजे मे" असा एकच नियम धरून सगळीकडे लावला असता, तर २०२३ चा मे रिकामा दिसला असता आणि एका प्रामाणिक घरावर ठपका बसला असता. म्हणून सणाच्या, हंगामाच्या, "केळीचे पैसे आल्यावर" अशा शेऱ्यांना मी आता दोन बाजूंनी तपासते: त्या वर्षीची तारीख कोणती आणि रकमेला दराने भाग दिला तर किती महिने निघतात. दोन्ही जुळले तरच महिना लिहायचा.

नावांवर तर अजिबात विसंबू नये. आमच्या सोळा फ्लॅटांत चार पाटील आहेत, आणि खानदेशात हे काही नवल नाही. रजिस्टरमध्ये कुठे "पाटील सर", कुठे "पाटील भाऊसाहेब", कुठे नुसतं "पाटील". त्यात एका पाटलांच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू चौधरी, आणि मेंटेनन्स कधी मालकाने दिला तर कधी चौधरींनी. ओळख म्हणून फ्लॅट नंबर हाच एक खांब आहे. नुसतं "पाटील" लिहिलेल्या नोंदींसाठी स्थळप्रती काढल्या आणि बहुतेक ठिकाणी तिथे फ्लॅट नंबर मिळाला. फ्लॅट विकला गेला असेल तर मालकांची एक वेगळी यादी लागते: फ्लॅट, नाव, कोणत्या महिन्यापासून, कोणत्या महिन्यापर्यंत. नाव `Split` मध्ये लिहायचं नाही, या यादीतून महिन्यानुसार आणायचं. आजच्या मालकाचं नाव सगळ्या ओळींना चिकटवलं तर २०३ मधल्या जुन्या मालकाच्या पावत्या आणि जुने रिकामे महिने दोन्ही नव्या माणसाच्या नावावर जातात.

सतरावा "फ्लॅट" म्हणजे उचंत. यूपीआयने आलेल्या काही रकमा बँकेच्या उताऱ्यात आहेत, पण पाठवणाऱ्याचं नाव इमारतीतल्या कोणाशीच जुळत नाही. मुलाच्या खात्यावरून, सुनेच्या फोनवरून, कधी गावाकडच्या नातेवाईकाकडून आलेले. अशी रक्कम अंदाजाने कुठल्या फ्लॅटला लावायची नाही आणि तक्त्याबाहेरही टाकायची नाही. बाहेर टाकली तर बँकेशी मेळ बसत नाही. अंदाजाने लावली तर एकाचं देणं दुसऱ्याच्या पैशाने फिटतं आणि ते कधीच उघडकीला येत नाही, कारण बेरीज जुळलेली असते. म्हणून या रकमा `UCHANT` या नावाने ओळीत ठेवल्या आणि महिना रिकामा सोडला.

वाटप झाल्यावर पहिली तपासणी पावतीवार. `Receipts` मध्ये शेवटच्या रकान्यात:

```
=SUMIFS(C:C,A:A,A2)-SUMIFS(Split!D:D,Split!A:A,A2)
```

`C` मध्ये पावतीची रक्कम आहे. उत्तर प्रत्येक ओळीला शून्य यायला हवं. शून्य नसेल तर पावती पूर्ण वाटली गेली नाही किंवा जास्त वाटली गेली. काही ओळींत फरक बरोबर पावतीच्याच रकमेइतका आला आणि `Split` मध्ये तर सगळे महिने दिसत होते. तिथे रकमेचे आकडे मराठी कळफलकावर टाइप झालेले होते. ते डोळ्याला आकडे दिसतात, पण शीटने त्यांना मजकूर म्हणून ठेवलेलं असतं आणि बेरीज करताना मजकूर सोडून दिला जातो. मजकूर असलेला रकाना डाव्या कडेला टेकतो, आकडे उजव्या कडेला. एवढी खूण पुरते.

दुसरी तपासणी पिव्हटमध्ये. महिन्याच्या चौकोनात त्या महिन्याच्या दरापेक्षा जास्त रक्कम दिसली की थांबायचं. सहाशेच्या जागी बाराशे असेल तर एकतर तीच पावती दोनदा उतरली आहे किंवा दोन वेगळ्या पावत्या एकाच महिन्याला लावल्या गेल्या आहेत. साडेसातशे असेल तर त्यात मेंटेनन्सशिवाय दुसरं काही मिसळलेलं असतं. उन्हाळ्यात टँकर मागवले की आप्पा त्याचे दीडशे मेंटेनन्सबरोबरच घेत आणि पावती एकच फाडत. ते दीडशे पुढच्या महिन्याचा आगाऊ मेंटेनन्स नव्हेत. अशा पावत्यांसाठी `Split` मध्ये कशाचे पैसे हे सांगणारा पाचवा रकाना वाढवला आणि तक्ता काढताना फक्त मेंटेनन्सच्या ओळी घेतल्या. परत आलेल्या चेकलाही हेच शहाणपण लागतं. मूळ ओळ पुसायची नाही, त्याच पावती क्रमांकाने, त्याच महिन्याला, वजा रक्कम लिहायची, आणि `Receipts` मध्येही तशीच वजा रक्कम टाकायची म्हणजे फरक शून्यच राहतो. पुसून टाकली तर बँकेच्या उताऱ्यात चेक आत येऊन परत गेलेला दिसतो आणि आपल्याकडे त्याचा मागमूसही नसतो.

तिसरी आणि खरी तपासणी माणसांची. सूत्रं फक्त एवढं सांगतात की आपण उतरवलेलं आपल्या उतरवण्याशी जुळतं. तक्ता नोटीस बोर्डवर लावायच्या आधी प्रत्येक घराचा एक स्वतंत्र उतारा काढला. त्यात महिना, रक्कम आणि प्रत्येक आकड्यासमोर पावती क्रमांक. तो घरोघरी दिला आणि मूळ पावत्यांशी ताडून बघायला सांगितलं. जिथे रजिस्टरमध्ये काहीच सापडलं नाही तिथे शून्य लिहिलं नाही, चौकोन रिकामा ठेवला आणि खाली छापलं: "रिकामा चौकोन म्हणजे नोंद सापडली नाही. आपल्याकडे पावती असल्यास दाखवावी." तसं लिहिल्याने लोक रागावले नाहीत, कपाटं उघडून बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून सगळ्या पावत्या काढल्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, आणि त्यात दोन अशा निघाल्या ज्यांची नोंद रजिस्टरमध्ये चढलीच नव्हती. स्थळप्रती पुस्तकात होत्या. पैसे बँकेतही जमा होते, पण आणखी दोन घरांच्या रकमेबरोबर एकाच भरणा स्लिपने, म्हणून बँकेच्या उताऱ्यावरून ते ओळखू येण्यासारखे नव्हते. मावशींनी पिशवी सांभाळली नसती तर त्यांचे दोन महिने रिकामेच राहिले असते.

आप्पा शेवटपर्यंत शेजारी बसून होते. जिथे शेरा अपुरा होता तिथे त्यांना बरंच आठवलं, पण आठवणीवरून कुठल्याही ओळीत महिना लिहायचा नाही हे त्यांचंच म्हणणं. "मला आठवतंय ते बरोबर असेल, पण कागद नाही ना," असं म्हणून त्यांनी दोन-तीन ठिकाणी स्वतःच्याच घराच्या बाबतीतही जुन्यापासून पुढे हा नियम लावायला सांगितला. त्यांच्या फ्लॅटचा एक महिना त्यामुळे अपुरा निघाला आणि त्यांनी तो भरला.

आता नवीन पावतीपुस्तकावर "कोणत्या महिन्यापासून" आणि "कोणत्या महिन्यापर्यंत" असे दोन रकाने छापून घेतले आहेत आणि ते भरल्याशिवाय पावती फाडायची नाही असं ठरलंय. यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्यात फ्लॅट नंबर आणि महिना लिहावा, असं सगळ्यांना कळवलंय. उचंतमध्ये अजून काही रकमा पडून आहेत. त्यांची तारीख, रक्कम आणि मार्ग एवढंच लिहून यादी जिन्याजवळ लावली आहे, नावं दिलेली नाहीत. ज्याची असेल त्याने बँकेचा संदेश किंवा उतारा दाखवला की ती ओळ त्याच्या फ्लॅटवर आणि सगळ्यात जुन्या अपुऱ्या महिन्यावर चढवायची, आणि समितीच्या पुढच्या सभेत त्याची नोंद करायची.